तंबाखू सुटली तरच पाय वाचतो
(प्रस्तावना)

कोल्हापूर परिसरातल्या कुठल्याही शस्त्रक्रिया विभागात काही काळ काम केलेल्या डॉक्टरला एक रुग्ण नक्की आठवतो. वय तीस ते चाळीसच्या दरम्यान. साखर नाही, रक्तदाब नाही, अंगावर चरबी नाही. हाडापेराने मजबूत, कष्टाची सवय असलेला माणूस. आणि तरीही पायाचा अंगठा काळा पडलेला. सोबत आलेली बायको किंवा आई एकच प्रश्न विचारते : ‘शुगर नाही, मग बोट कशानं सडलं?’ ही पुस्तिका त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

या आजाराला बर्जर्स डिसीज म्हणतात. वैद्यकीय नाव थ्रॉम्बोअँजायटिस ऑब्लिटरन्स असं लांबलचक आहे, पण त्यात आजाराचं सगळं वर्णन येतं : रक्तवाहिनीला दाह होतो, आत गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. हे हातापायांच्या लहान आणि मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांत घडतं, आणि जवळजवळ नेहमी तंबाखूचं भारी व्यसन असलेल्या तरुण माणसात घडतं. पश्चिम युरोपात पायाच्या रक्तवाहिन्या बंद झालेल्या रुग्णांमध्ये या आजाराचं प्रमाण अर्धा ते साडेपाच टक्के आढळलं. भारतातल्या पाहण्यांमध्ये तेच प्रमाण 45 ते 63 टक्के निघालं. म्हणजे तिकडच्या डॉक्टरला जो आजार पुस्तकात भेटतो, तो आपल्याकडे ओपीडीच्या बाकावर बसलेला असतो.

1879 साली व्हिएन्नात फेलिक्स फॉन विनिवार्टर या शल्यविशारदाने कापून काढलेल्या एका पायाची तपासणी करून या विकाराचं पहिलं वर्णन लिहिलं. पुढे 1908 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्जरने असे कापलेले अकरा अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिले, आणि आजाराला त्याचं नाव मिळालं. त्याला जे दिसलं, त्यावरच या पुस्तिकेचा सगळा युक्तिवाद उभा आहे, म्हणून ते जरा सावकाश समजून घेऊ.

म्हातारपणी किंवा मधुमेहात पायाची रक्तवाहिनी बंद होते तेव्हा तिच्या भिंतीतच बिघाड झालेला असतो. वर्षानुवर्षं भिंतीत चरबी आणि चुना साठतो, भिंत कडक होते, वाट अरुंद होत जाते. बर्जरच्या रुग्णांमध्ये तसं नव्हतं. भिंतीचा सांगाडा, विशेषतः तिच्या आतल्या बाजूचा लवचिक पडदा, बऱ्यापैकी शाबूत होता. वाहिनी आतून गच्च भरली होती ती गुठळीने. ही गुठळी साधीही नव्हती. तिच्यात दाहाच्या पेशींची गर्दी होती, मधे मधे पुवाच्या सूक्ष्म गाठी होत्या. शिवाय शेजारच्या शिरांमध्येही हेच चाललं होतं, आणि वाहिनीचा एक तुकडा बंद तर पुढचा चांगला, असा हा प्रकार तुकड्यातुकड्याने होता. काही आठवड्यांनी दाह शमतो, गुठळी घट्ट होते आणि तिच्या जागी तंतूंचा दांडा उरतो. तो तुकडा कायमचा गेला. पण शेजारचा तुकडा अजून चांगला असतो, आणि तो चांगला राहील की नाही हे पुढचा झटका येतो की नाही यावर ठरतं.

झटका कशाने येतो? तंबाखूने. नेमका कुठल्या घटकामुळे, हे शास्त्राने अजून पूर्ण उलगडलेलं नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात हे खरं, पण तेवढ्याने हा आजार होत नाही, नाहीतर गावातल्या प्रत्येक बिडीवाल्याचा पाय गेला असता. या रुग्णांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांच्या घटकांवर उलटते, असे पुरावे मिळाले आहेत. वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करणारी प्रतिपिंडं सापडली आहेत. भिंतीतल्या कोलॅजेनला रक्तातल्या पेशी वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात, हेही दिसलं आहे. काही माणसांच्या घडणीतच हा कल असावा आणि तंबाखू त्याला चेतवत असावी, असं मानायला भरपूर जागा आहे. चेतवणारी वस्तू थांबली की हल्ला थांबतो, हे मात्र अनुमान नाही, ते मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने 1990 मध्ये आपल्या रुग्णांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. ज्यांनी तंबाखू पूर्ण सोडली त्यांच्यातल्या 94 टक्क्यांवर हातपाय कापायची वेळ आली नाही. ज्यांनी ओढणं चालू ठेवलं त्यांच्यातल्या 43 टक्क्यांना बोट, पाऊल किंवा पाय गमवावा लागला. एवढा फरक करणारं दुसरं कुठलंही औषध किंवा शस्त्रक्रिया या आजारात नाही.

इथे वाचकाच्या मनात रास्त शंका येईल. बंद पडलेली वाहिनी पुन्हा उघडत नसेल, तर नुसती तंबाखू सोडून पाय वाचतो कसा? शरीर बंद तुकड्याला वळसा घालणाऱ्या बारीक वाटा तयार करतं. अँजिओग्राफीच्या चित्रात त्या बाटलीच्या बुचाच्या स्क्रूसारख्या नागमोडी दिसतात, त्यावरून या आजाराचा संशय बळावतो. झटके येत राहिले तर याच वाटा एकेक करून बुजतात. झटके थांबले तर त्या रुंदावतात, आणि पावलाला जिवंत ठेवण्यापुरतं रक्त पोचवतात. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच कळतं : पाटाला पाणी आहे, पण शेवटच्या सऱ्या बुजल्यात, तर शेजारच्या सरीतून आडवं पाणी काढून पीक जगवता येतं. मात्र शेजारची सरीही बुजली तर काही चालत नाही.

शस्त्रक्रियेने वाट का काढता येत नाही, याचंही उत्तर यातच आहे. बायपास करायला खाली एक चांगली, उघडी वाहिनी लागते, जिला नवी नळी जोडता येईल. बर्जर्समध्ये मांडीची आणि बहुतेक वेळा गुडघ्यामागची वाहिनी गुळगुळीत, निरोगी असते, आणि पोटरीखालच्या, घोट्याजवळच्या, पावलातल्या वाहिन्या बुजलेल्या असतात. नळी जोडायला जागाच उरत नाही. जिथे उरते तिथेही, बायपासनंतर तंबाखू चालू ठेवणाऱ्यांच्या नळ्या सोडणाऱ्यांच्या तुलनेत लवकर बंद पडल्याचं जपानी शल्यविशारदांनी नोंदवलं आहे.

आता आजार सुरू कसा होतो ते पाहू. पुढचा रुग्ण कुणी एक खरा माणूस नाही. अशा अनेकांच्या वाटचालीतून जुळवलेला आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी ओपीडीत रोज दिसणारी आहे.

वय चौतीस. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला. सोळाव्या वर्षापासून बिडी, दिवसाला बंडल-दीड बंडल, वर चुना-तंबाखू. पहिली तक्रार म्हणजे चालताना तळव्याच्या कमानीत येणारा गोळा. दोन-तीनशे पावलं चाललं की तळवा आवळून यायचा, थांबलं की दोन मिनिटांत मोकळा. पोटरी दुखायची नाही, दुखायचा तो तळवा. ही खूण फार महत्त्वाची आहे, कारण वयस्कर माणसाच्या नस-बंदीत सहसा पोटरी दुखते, तर या आजारात वाहिन्या खालून बुजत येत असल्याने दुखणं पावलापासून सुरू होतं. पण तरुण माणसाच्या तळव्यात दुखलं की आपण सगळेच हाडाकडे किंवा कमरेतल्या नसेकडे बघतो. त्यालाही कुणी मऊ तळाचे बूट सांगितले, कुणी कमरेचा एमआरआय.

काही महिन्यांनी पोटरीवर एक लालसर, दुखरी दोरी उमटली. पंधरा दिवसांत ती गेली आणि दुसरीकडे उमटली. त्वचेखालच्या शिरेला झालेला हा दाह जागा बदलत फिरतो, आणि बर्जर्सच्या सुमारे चाळीस टक्के रुग्णांत दिसतो. गावात त्यावर लेप लावला गेला. आपोआप बरी होणारी गोष्ट असल्याने लेपाला यशही मिळालं. त्या थंडीत पहाटेच्या पाळीला जाताना हाताची दोन बोटं पांढरीफटक पडायला लागली. तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

मग नवी पायताणं घेतली. अंगठ्याला चामडं लागलं, बारीक जखम झाली. निरोगी पायाची अशी जखम आठ-दहा दिवसांत भरते. याची महिना उलटला तरी भरली नाही. कडा पांढुरक्या, तळ कोरडा, आणि दुखणं जखमेच्या मानाने फारच जास्त. रात्री पाय अंथरुणावर सरळ ठेवला की कळा, खाटेखाली लोंबकळत ठेवला की थोडा आराम. म्हणून तो रात्र रात्र बसून काढायचा, त्यामुळे पाऊल सुजलं, आणि सूज आहे म्हणून घरच्यांनी गरम पाण्याचा शेक दिला. रक्त कमी असलेल्या पायाला शेक देणं घातक असतं. उष्णतेने पेशींची रक्ताची मागणी वाढते आणि पुरवठा तर नाहीच, शिवाय बधिर त्वचा भाजली तरी कळत नाही. शेकानंतर चार दिवसांत अंगठ्याचं टोक काळं झालं.

कळा सोसायच्या म्हणून तो रात्रीतून आणखी बिड्या ओढत होता. या आजारातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते : ज्या वस्तूने पाय जातोय, तिचाच आधार माणूस दुखण्यात घेतो. त्याला नुसतं रागावून काही साध्य होत नाही. आधी कळा कमी करणारं पुरेसं औषध दिलं, झोप लागली, तरच तंबाखूबद्दलचं बोलणं त्याच्या कानापर्यंत पोचतं.

दवाखान्यात रक्ताचे रिपोर्ट सगळे चांगले आले. साखर, कोलेस्टेरॉल, दाह दाखवणारा ईएसआर, सीआरपीसुद्धा. बर्जर्समध्ये हे असंच असतं, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांवर कित्येकांचे महिने वाया जातात. निदान बाकी गोष्टींवरून जुळवत आणावं लागतं : पंचेचाळीसच्या आतलं वय, तंबाखू, पावलापासून सुरू झालेली रक्ताची टंचाई, मधुमेह नाही, हृदयातून गुठळी निसटून आलेली नाही, संधिवाताच्या जातीचा किंवा रक्त गोठण्याचा वेगळा विकार नाही. यासाठी इकोकार्डिओग्राफी आणि काही रक्ततपासण्या कराव्या लागतात. पायाची सोनोग्राफी किंवा अँजिओग्राफी त्या चित्राला दुजोरा देते. पण सुरुवातीची खूण बोटांनीच मिळते. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या कंडरेच्या बाहेरच्या कडेला एक नाडी लागते, आणि आतल्या घोट्याच्या मागे दुसरी. शंभरात आठ-दहा निरोगी माणसांची पहिली नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून दोन्ही तपासायच्या आणि दोन्ही पायांची तुलना करायची. तरुण तंबाखूवाल्याच्या दोन्ही नाड्या गायब असतील तर एमआरआयची वाट बघू नये.

निदान झालं, आणि त्याने बिडी सोडली. खरोखर सोडली. तरीही जखम भरेना, उलट दुसऱ्या बोटाला काळेपणा आला. ‘बिडी कवाच सोडली सायेब, आता निस्ता चुना-तंबाखू,’ असं त्याने सांगितल्यावर कारण समजलं. या एका वाक्यासाठी या पुस्तिकेतलं एक अख्खं प्रकरण खर्ची पडलं आहे, आणि ते योग्यच आहे. आपल्या भागात ‘बिडी सोडली’ म्हणजे व्यसन सुटलं असं मानतात. मळलेली तंबाखू, मावा, गुटखा, तपकीर, मिश्री यांना कुणी मोजतच नाही. पण धूर नसलेल्या तंबाखूनेही हा आजार झाल्याचे आणि पेटता राहिल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. दिवसाला एखाद-दुसरी बिडीही आजार चालू ठेवायला पुरते. कमी करणं या आजारात उपचार ठरत नाही. निकोटिनचा च्युइंगम आणि पट्टीही इथे टाळण्याकडे कल असतो, कारण त्यांनीसुद्धा आजार तेवता राहिल्याची उदाहरणं आहेत. त्याऐवजी बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिनसारखी, निकोटिन नसलेली औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतात.

त्याने चुना-तंबाखूही सोडली. घरातली मिश्रीची डबी मात्र फळीवर तशीच होती, आणि सकाळी तिच्याकडे हात जायचा. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखूच. पश्चिम महाराष्ट्रातल्या घरांत ती दात घासायची वस्तू म्हणून वावरते, आई-आजीच्या हातची असते, म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही. लघवीत कोटिनिन नावाचा पदार्थ मोजता येतो. निकोटिन शरीरात मोडल्यावर तो बनतो आणि काही दिवस सापडतो. त्याच्या तपासणीत तो निघाला. रुग्ण खोटं बोलत नव्हता, मिश्रीला तंबाखू म्हणतात हे त्याच्या ध्यानीमनीच नव्हतं. घरातली डबी गेली, बायकोनेही मिश्री थांबवली, आणि तेव्हापासून नवीन काळेपणा आला नाही.

पुढचा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच सांगायला हवा. काळं टोक कोरडं ठेवलं. जिवंत आणि मेलेल्या भागातली रेघ स्पष्ट व्हायला काही आठवडे लागतात, तोवर कापायची घाई करायची नसते. घाईत कापलं तर चिरेची जखमही भरत नाही आणि कापण्याची पातळी वर वर सरकते. ओला सडका पाय, ताप, पू असेल तर मात्र थांबायचं नाही, तो तातडीचा प्रसंग आहे. याचा भाग कोरडा होता, टोक वेगळं होऊन गळून पडलं, आणि उरलेली जखम काही महिन्यांनी भरली. मधल्या काळात त्याची कमरेजवळची सिंपथेटिक मज्जातंतूची शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे ती बऱ्याच ठिकाणी होते. तिने त्वचेचा रक्तपुरवठा थोडा वाढतो, वरवरच्या जखमेला मदत होते, पण स्नायूंना फारसा लाभ नाही, आणि आजार तर ती थांबवत नाहीच. इलोप्रॉस्टच्या सलाइनने कळा कमी होतात आणि जखम भरायला हातभार लागतो. या सगळ्यांचा उपयोग आहे, पण ते आलेलं संकट निभावून नेण्यापुरते. तंबाखू चालू असेल तर त्यातला एकही उपाय टिकत नाही.

आज तो चालतो. जास्त चाललं की तळवा अजून आवळतो, थंडीत बोटं अजून पांढरी पडतात. गेलेले तुकडे परत आलेले नाहीत. पण अंगठ्याच्या टोकाशिवाय दोन्ही पाय शाबूत आहेत, आणि तो पुन्हा कामावर आहे. तंबाखू सोडण्याकडून याहून जास्त अपेक्षा धरू नये. गँगरीन होण्याआधी सोडली तर अवयव जवळजवळ हमखास वाचतो, नंतर सोडली तर उरलेलं वाचतं.

हे सगळं कोल्हापुरात बसून लिहिताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. इथून चाळीसेक किलोमीटरवर निपाणी आहे. निपाणी-चिकोडीपासून कागल, शिरोळपर्यंतच्या पट्ट्यात तंबाखू हे पीक आहे, जयसिंगपूरची पेठ तिच्यावर वाढली, हजारो बायकांची चूल बिड्या वळून पेटते. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीला महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं मेली. त्या मातीत तंबाखूविरुद्ध बोलणं म्हणजे कुणाच्या तरी पोटावर बोलणं वाटतं. म्हणून या पुस्तिकेच्या लेखकाने पिकावर, बाजारावर भाष्य केलेलं नाही. तो एका माणसाच्या एका पायाबद्दल बोलतो, आणि मला हे बरोबर वाटतं. भाव मागायचा हक्क शेतकऱ्याचा आहे. तळव्यात गोळा येणाऱ्या माणसाला मात्र त्या वस्तूचा कणही चालत नाही, मग ती कुणाच्याही रानात पिकलेली असो.

जिथे तंबाखू घटते तिथे हा आजार घटतो, हेही दिसलेलं आहे. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये 1947 साली दर लाख नोंदणीकृत रुग्णांमागे या आजाराचे 104 रुग्ण होते, 1986 मध्ये ते साडेबारांच्या आसपास उरले. या चार दशकांत आजारावर कुठली लस निघाली नव्हती.

पुस्तिका वाचणाऱ्याला तीन गोष्टी कराव्या अशी विनंती आहे. घरात कुणी तरुण माणूस तंबाखू घेत असेल आणि चालताना त्याचा तळवा दुखत असेल, किंवा पायाची जखम महिनाभर भरत नसेल, तर त्याच्या पावलाच्या दोन्ही नाड्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आहे, खासगी रक्तवाहिनी तज्ज्ञही आहेत. निदान झालंच तर बिडी, सिगारेट, तंबाखू, मावा, गुटखा, तपकीर, मिश्री ही सगळी नावं घेऊन विचारा, नुसतं ‘व्यसन आहे का’ विचारू नका. आणि सोडायला मदत हवी असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा 1800-11-2356 हा क्रमांक आहे. फोन निःशुल्क लागतो. तलफ पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त छळते, पुढच्या काही आठवड्यांत ती ओसरत जाते. त्या दिवसांत घरच्यांनी त्याच्यासोबत राहावं आणि फळीवरची डबी आधीच टाकून द्यावी.